देणगीदाराचं आभारपत्र: स्तुती काढली तर उरतं काय?

मीनल_विक्रोळी
मंडळी, मदत हवीये. आमची एक अगदी छोटी संस्था आहे, विक्रोळी-कांजूरच्या बाजूला पालिकेच्या शाळांमधल्या मुलांचे डोळे तपासतो आणि लागेल त्याला चष्मा देतो. पगारी माणूस एकही नाही, सगळे नोकरी सांभाळून करणारे. माझ्याकडे पत्रव्यवहार आला कारण माझं मराठी टायपिंग बरं आहे, बाकी काही कारण नाही.

तर झालं असं की जूनमध्ये एका निवृत्त बाईंनी १०,००० रुपये दिले. चेकसोबत चिठ्ठी होती, "मुलांच्या चष्म्यांसाठी". आम्ही नेहमीचं आभारपत्र पाठवलं. आठवड्याने त्यांचा फोन. अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "अगं पत्र फार सुंदर आहे, पण त्यात माझ्याबद्दलच लिहिलंय. मला मी माहितीये. चष्म्यांचं काय झालं?"

मला काय बोलावं तेच सुचेना. पत्र उघडून पाहिलं तर खरंच की. हे घ्या, जसंच्या तसं:

"आदरणीय महोदया, आपल्यासारख्या थोर, दानशूर व सहृदय व्यक्तींमुळेच आज समाजात माणुसकी जिवंत आहे. आपण केलेल्या अमूल्य सहकार्यामुळे असंख्य चिमुकल्यांच्या जीवनात प्रकाशाची नवी पहाट उगवली आहे. आपल्या दातृत्वास आम्ही शतशः वंदन करतो व भविष्यातही आपला वरदहस्त असाच लाभावा ही नम्र प्रार्थना."

हे कोणी लिहिलं कोणालाच आठवत नाही, वर्षानुवर्षं फक्त नाव बदलून चाललंय. आता नवीन लिहायचंय. काय झालं ते सांगणारं, मस्का न लावणारं. पण मस्का काढला तर चारच ओळी उरतायत. तुम्ही कसं लिहाल?

शेंगदाणा
"वरदहस्त" म्हणजे पुन्हा चेक पाठवा 😂

खडूसकाका
"असंख्य" वर माझा आक्षेप. चष्मे मोजून आणता ना? मग असंख्य कसे? दुकानदार बिल लावताना असंख्य लावतो का?

प्राची_ठाणे
मीनल, पत्र लहान झालं तर होऊ दे, पण आयकर सवलतीचा, ८०जी चा मजकूर त्यातच टाक, रजिस्ट्रेशन नंबर, रक्कम, पॅन वगैरे. माझ्या सासऱ्यांना एका ट्रस्टचं असंच पत्र यायचं आणि तेच ते रिटर्नला लावायचे. एका दगडात दोन पक्षी.

हिशेबनीस
@प्राची, पूर्वी चालायचं. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून संस्थेला देणगीदारांची यादी आयकर खात्याकडे ऑनलाइन भरावी लागते आणि तिथून जे सर्टिफिकेट निघतं ते देणगीदाराला द्यावं लागतं, वजावट त्यावर मिळते. नुसत्या पत्रावर किंवा पावतीवर सासरे अडकतील. शिवाय ते जुन्या कर पद्धतीत असतील तरच. आणि रोख २००० च्या वर दिले असतील तर तसेही नाही.

पण माझा मुद्दा वेगळा. पावती आणि पत्र एकत्र करूच नका. पावती पैसे आले त्या दिवशी जायला हवी, दोन ओळींत, "मिळाले, आभारी आहोत, पावती क्रमांक अमुक". त्या दिवशी सांगण्यासारखं तुमच्याकडे काही नसतंच. म्हणूनच तर "नवी पहाट" लिहावी लागते. खरं पत्र काम झाल्यावर.

प्राची_ठाणे
ओह. सासरे गेल्या वर्षी नोटीस नोटीस म्हणत होते ते हे असेल का 🤦

सुमेध_पार्ले
अतिशय स्तुत्य उपक्रम. आमच्या घरी आठ-दहा जुने चष्मे पडून आहेत, बाबांचे, आईचे, एक माझा कॉलेजचा. कुठे आणून द्यायचे? विक्रोळी स्टेशनला कोणी येईल का?

मीनल_विक्रोळी
@हिशेबनीस हे कळलंच नव्हतं की दोन वेगळी पत्रं करायची! आम्ही पैसे आल्या आल्या एकच पाठवायचो आणि विषय संपला. या वेळी योगायोगाने फोन आला म्हणून, आणि आता काम झालंय. म्हणजे लिहायला आकडे आहेत. रात्री मसुदा टाकते.

@सुमेध धन्यवाद, सांगते विचारून.

उषाताई
मी पालिकेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं. आमच्या वर्गात असं चष्मा शिबिर झालं होतं. फोटो काढले, सगळ्या मुलांना एका ओळीत उभं केलं, पाहुण्यांनी एकेकाच्या नाकावर चष्मा चढवला, टाळ्या. दुसऱ्या सोमवारी वर्गात बघते तर दोघांच्याच डोळ्यावर. बाकीच्यांचे? दप्तरात, घरी कपाटावर, एकाचा ताईने घेतला. त्यामुळे चष्म्यांचं "काय झालं" हा बाईंचा प्रश्न मला फार आवडला. किती वाटले ते सांगून उत्तर होत नाही हो.

देवदत्त_के
उषाताईंनी मर्मावरच बोट ठेवलंय. मी बारा वर्षं देणगी उभारायच्या कामात आहे, मोठ्या संस्थेत, पण पत्राचं दुखणं सगळीकडे तेच. एक साधी चाळणी वापरतो. प्रत्येक वाक्याला विचारायचं, हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही संस्थेच्या, दुसऱ्या कुठल्याही देणगीदाराच्या पत्रात चालेल का? चालत असेल तर उडवायचं. मीनलताईंचं जुनं पत्र गोशाळेला पाठवा, वृद्धाश्रमाला पाठवा, "चिमुकल्यां"चा शब्द बदलला की झालं. एक वाक्य उरत नाही.

आणि हो, चार ओळी उरल्या म्हणून घाबरू नका. त्या चार ओळींच्या आत अजून माहिती दडलेली असते, ती फाईलमध्ये असते, शाळेत जाऊन आलेल्या कार्यकर्तीच्या वहीत असते. पत्र लिहिणाऱ्याने तिथे जाऊन ती आणायची असते. टेबलावर बसून पत्र फुगवलं की पहाट उगवते.

शेंगदाणा
"टेबलावर बसून पहाट उगवते" हे मी माझ्या ऑफिसच्या भिंतीवर लावणार आहे

मीनल_विक्रोळी
हा पहिला मसुदा. हाणा.

"आदरणीय महोदया, आपण दिलेल्या १०,००० रुपयांतून २५ मुलांना चष्मे मिळाले. ४०० रुपयांत एका मुलाला दृष्टी मिळते, हे आपल्यामुळे शक्य झाले. या मुलांना आता फळा स्पष्ट दिसतो व त्यांच्या अभ्यासात लक्षणीय प्रगती झाली आहे. आपले मनःपूर्वक आभार."

खडूसकाका
आधीच्यापेक्षा दहापट बरं. "लक्षणीय" काढा.

हिशेबनीस
मीनल, रागावू नकोस, पण यात दोन ठिकाणी हिशेब खोटा आहे. तुझा हेतू नाही माहितीये. मला सांग, एकूण किती मुलं तपासली, किती चष्मे केले, तपासणाऱ्याला काय दिलं?

मीनल_विक्रोळी
दोन शाळा, २१४ मुलं तपासली. ३१ जणांना नंबर निघाला. चष्मा ४०० ला पडतो, फ्रेम १५० आणि काचा अधिक फिटिंग २५०. ऑप्टोमेट्रिस्टने दोन सकाळी दिल्या, तिचं मानधन प्रत्येक सकाळचं १५००, म्हणजे ३०००. रिक्षा वगैरे आम्ही आमचे करतो.

हिशेबनीस
म्हणजे चष्मे १२,४०० आणि तपासणी ३०००, एकूण १५,४००. बाईंचे दहा. उरलेले ५४०० तुमच्या सर्वसाधारण निधीतून, म्हणजे दुसऱ्या कोणीतरी दिलेल्या पैशांतून.

आता वाच तुझं वाक्य. "४०० रुपयांत एका मुलाला दृष्टी मिळते." नाही मिळत. २१४ मुलं तपासल्याशिवाय ती ३१ सापडत नाहीत, आणि तपासणीचे पैसे तुझ्या पत्रात कुठेच नाहीत. १५,४०० भागिले ३१ केलं तर एक चष्मा ५०० च्या थोडा खाली पडतो. फरक शंभरचा आहे म्हणशील. पण पुढच्या वर्षी हीच बाई म्हणेल "चारशेच लागतात ना, मग माझ्या दहा हजारांत पंचवीस करा", आणि तपासणीचे पैसे मागायला तुला तोंड राहणार नाही. स्वतःच्याच पत्राने स्वतःला बांधून घेतेयस.

प्राची_ठाणे
पण काका त्यांनी चष्म्यांसाठीच दिले होते ना? मग २५ चष्मे त्यांचे हे बरोबरच आहे की.

हिशेबनीस
ते बरोबर आहे. त्यांनी चिठ्ठीत हेतू लिहिला, म्हणून ते पैसे चष्म्यांनाच लावायला हवेत आणि तसंच पुस्तकात दाखवायला हवं. "तुमच्या देणगीतून २५ चष्म्यांची किंमत दिली" हे वाक्य मी बिलासकट सिद्ध करू शकतो. "तुमच्यामुळे २५ मुलांना दृष्टी मिळाली" हे नाही करू शकत.

ज्यांनी हेतू न लिहिता दिले त्यांना मात्र असं चष्मे मोजून सांगूच नका. त्यांचे पैसे एका डब्यात गेले. त्यांना लिहायचं, "तुमच्यासह इतक्या जणांच्या देणगीतून हे हे झालं". मी एका ट्रस्टची पुस्तकं बघायचो तिथे एकाच शिलाई मशीनबद्दल तीन वेगवेगळ्या देणगीदारांना "आपण दिलेले मशीन" अशी पत्रं गेलेली. तिघांपैकी दोघं एकाच बिल्डिंगमधले निघाले. पुढचं काही सांगत नाही.

शेंगदाणा
सांगा की!! इथेच थांबता होय

हिशेबनीस
लिफ्टमध्ये भेटले.

नंबरवाली
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, शाळांची शिबिरं केलीयेत. दोन गोष्टी.

@सुमेध, जुने चष्मे मुलांना चालत नाहीत. प्रत्येक मुलाचा नंबर वेगळा, दोन डोळ्यांचाही वेगळा असू शकतो, आणि दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजून काचेचा मध्य तिथे आणावा लागतो. आईबाबांचे चष्मे तर बहुतेक वाचायचे, प्लस नंबरचे असणार. शाळेतल्या बऱ्याच मुलांना लांबचं दिसत नाही म्हणून मायनस लागतो. उलटंच.

@मीनल, "फळा स्पष्ट दिसतो" हे कशावरून लिहिलंस? चष्मा देताना तक्ता वाचून घेतला असेल तर तेवढंच लिही. आणि "अभ्यासात प्रगती" काढच. दोन महिन्यांत चाचणीचा पेपर बदलतो, शिक्षक बदलतो, पावसात आठ दिवस शाळा बुडते. मार्क वाढले तरी चष्म्याने वाढले हे तुला कळणार कसं?

उषाताई
मार्कांचं अगदी खरं. पण शिक्षकाला दुसरं काहीतरी दिसतं. ज्याला फळा दिसत नाही ते पोर शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेतं, आम्ही त्याला "कॉपी करतोस" म्हणून ओरडतो. मीही ओरडलेय, आज लाज वाटते. चष्मा लागला की मान शेजारी वळायची थांबते. हे वर्गशिक्षिकेला विचारलंत तर ती नावानिशी सांगेल.

मुलुंडचा_म्हातारा
मी जरा वेगळं मांडतो. तुम्ही सगळे पत्राचं ऑडिट करायला निघालाय. माणूस दहा हजार देतो, त्याचं चार चांगले शब्द बोलून मन राखलं तर बिघडलं कुठे? आपल्याकडे पाहुण्याला चहा देतानाही "या, बसा, किती दिवसांनी" म्हणतोच ना? की "आपण ४.१० ला आलात, चहा ८० मिली" असं म्हणायचं? माझ्या वडिलांच्या नावे आम्ही एका वसतिगृहाला देणगी दिली, त्यांचं पत्र आईने देव्हाऱ्याशेजारी लावलंय. त्यात सगळी स्तुतीच आहे. आईला रडू येतं वाचून. हिशेब मागायला ती गेली नाही.

खडूसकाका
चहा ८० मिली 😄 हे मान्य.

देवदत्त_के
म्हातारेबुवा, मुद्दा चांगला आहे. शिष्टाचार आणि स्तुती यात मी फरक करतो. "स.न.वि.वि." लिहा, "आपण" म्हणा, "मनापासून आभार" म्हणा. त्याने पत्र कोरडं होत नाही. पण "थोर", "दानशूर", "देवदूत" म्हटलं की आपण त्या माणसाबद्दल निवाडा देतो, आणि तो पैशाच्या बदल्यात देतो. फोन करणाऱ्या बाईंना नेमकं तेच खटकलं असणार.

तुमच्या आईंच्या पत्राची गोष्ट वेगळी, ती स्मृतीप्रीत्यर्थ दिलेली देणगी. तिथे वडिलांचं नाव कुठे लागलं, काय झालं, हेही त्यांना वाचायला आवडेल असं मला वाटतं. पण आई तुमची, तुम्हाला जास्त माहीत.

मुलुंडचा_म्हातारा
आवडेलही. विचारतो. पण चार शब्द हवेतच या मतावर मी ठाम.

मीनल_विक्रोळी
ताजी बातमी. काल अर्धी रजा टाकून दोन्ही शाळांत जाऊन आले. चष्मे देऊन आठ आठवडे झालेत. ३१ जणांची यादी घेऊन वर्गावर्गात बसले.

२० जण वर्गात घालून बसले होते. ५ जणांकडे आहे पण घातलेला नव्हता. ३ मोडले. २ मुलं शाळा सोडून गेली, एक गावी, एक कुठे कळलं नाही. १ गैरहजर.

न घालणाऱ्या पाचांत तीन मुली. दोघींच्या आयांचं म्हणणं पडलं की आत्तापासून चष्मा लागला असं लोकांना दिसायला नको. मला वाटलं होतं मुलं चिडवतात म्हणून असेल. मोडलेले तिन्ही बिजागरीला मोडलेत, एकच जातीची फ्रेम.

आणि उषाताई, तुम्ही म्हणालात तसंच! सहावीच्या बाई म्हणाल्या एक मुलगा आता स्वतः फळ्यावरून लिहून घेतो, आधी शेजाऱ्याच्या वहीत मान घालायचा.

आता माझी पंचाईत. हे ११ पत्रात लिहायचे का? आमच्या अध्यक्षांचं म्हणणं "आपल्याच तोंडाने कशाला सांगायचं, पुढच्या वर्षी पैसे मिळायचे नाहीत".

प्राची_ठाणे
मी नाही लिहिणार बाई. आभाराच्या पत्रात रडगाणं कशाला? २० जण वापरतात हे लिही, खोटं काहीच नाही त्यात.

खडूसकाका
२० लिहून ३१ लिहिलं नाही तर ते खोटंच.

नंबरवाली
३१ पैकी २० वर्गात घालतात हा आकडा मी शिबिरं पाहिलीयेत त्या मानाने अजिबात वाईट नाही हां. पण वाचणाऱ्याला ते कळणार नाही, त्याला वाटेल ११ वाया गेले. आणि ते ११ एकसारखे नाहीत. मोडलेल्याला नवी फ्रेम घालून मिळते, काच तीच बसते. गावी गेलेल्याचा चष्मा त्याच्या डोळ्यावर असेलही. गैरहजर तर फक्त त्या दिवशी नव्हता. खरी अडचण पाचांची, आणि त्यातही त्या आयांची.

देवदत्त_के
माझा अनुभव असा की वाईट बातमी नुसती सोडून दिली तर ती तक्रार वाटते, तिच्या शेजारी "मग आम्ही काय केलं" हे एक वाक्य ठेवलं तर वाचणारा विश्वास ठेवतो. तीन फ्रेमचं काय करणार आहात? ठरवा आणि ते लिहा. आयांशी कोण बोलणार आहे? ठरलं असेल तर लिहा, नसेल तर नाही ठरलं म्हणा.

पण अध्यक्षांची भीती खोटी नाही. काही देणगीदार खरंच दुरावतात. माझ्या बाबतीत एकदा झालंय, एका कंपनीने "इतके अपयश" म्हणून पुढच्या वर्षी हात आखडता घेतला. तिथे मी चूक होतो की ते, अजून ठरवू शकलेलो नाही.

हिशेबनीस
या बाईंनी स्वतः फोन करून विचारलंय. त्यांना तरी लिहाच.

गौरी_माहीम
एक विषयांतर. मी एका मुलाचं शिक्षण स्पॉन्सर करायचे तेव्हा मला त्या मुलाच्या "हस्ताक्षरात" पत्र यायचं, प्रिय गौरी मावशी वगैरे. तीन वर्षांनी अक्षर, भाषा, शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा त्याच. ते पोर त्या पत्रासाठी बसवत असतील या विचाराने मला कसंतरी व्हायचं. मीनल, मुलांकडून थँक्यू कार्ड करून घेऊ नका प्लीज. त्या सहावीच्या मुलाचं नाव, फोटो पण नको. आपला चष्मा कोणी अनोळखी बाईंनी दिला हे शाळाभर होणं त्याला आवडेल का?

मीनल_विक्रोळी
@गौरी फोटो घालायचाच विचार होता, खरं सांगते. काढला. नाव, शाळेचं नाव, इयत्ता, काहीच नको, "एका वर्गशिक्षिकेने सांगितलं" एवढंच ठेवते. आयांबद्दलही सावध लिहायला हवं, दोघीच आहेत, शाळेत कळलं तर ओळखू येतील.

मोडलेल्या फ्रेम बदलून दिल्या, ३ × १५०, ४५० रुपये सर्वसाधारण निधीतून. आता दुसरा मसुदा.

"स.न.वि.वि.
तुम्ही जूनमध्ये मुलांच्या चष्म्यांसाठी १०,००० रुपये दिलेत. फोनवर तुम्ही विचारलं होतं, चष्म्यांचं काय झालं. आधीच्या पत्रात ते लिहिलं नव्हतं, ते आता लिहिते आहे.

आम्ही दोन शाळांतली २१४ मुलं तपासली. ३१ मुलांना चष्मा लागला. त्यातल्या २५ चष्म्यांची किंमत, प्रत्येकी ४०० रुपये, तुमच्या देणगीतून दिली. बाकीचे ६ चष्मे आणि तपासणीचे ३००० रुपये इतरांच्या देणगीतून झाले. तपासणी झाली नसती तर ही ३१ मुलं कोणती, हे कळलं नसतं.

आठ आठवड्यांनी मी वर्गांत जाऊन पाहिलं. ३१ पैकी २० मुलं चष्मा घालून बसली होती. तिघांचे चष्मे बिजागरीला मोडले होते, त्यांना नवी फ्रेम बसवून दिली आणि ती फ्रेम पुन्हा घ्यायची नाही असं ठरवलं. पाच मुलं चष्मा असून घालत नाहीत. काही घरांत मुलांनी चष्मा लावलेला आवडत नाही, असं कळलं. त्यावर आमच्याकडे अजून उपाय नाही. पुढच्या वेळी चष्मा देताना पालकांनाही बोलवून बघणार आहोत. दोन मुलं शाळा सोडून गेली आणि एक त्या दिवशी आलं नव्हतं.

एका वर्गशिक्षिकेने सांगितलं की त्यांच्या वर्गातला एक मुलगा आधी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घ्यायचा, आता फळ्यावरून लिहितो.

चष्म्यांची बिलं आमच्याकडे आहेत, कधीही दाखवू. मनापासून आभार."

खडूसकाका
मला एक शब्द काढायला सापडत नाहीये. त्रास होतोय.

हिशेबनीस
हिशेब जुळतो. २०, ३, ५, २, १. शाब्बास. आयकराचं सर्टिफिकेट वेगळ्या पाकिटात.

मुलुंडचा_म्हातारा
पत्र चांगलंय, मान्य. फक्त शेवटचं "मनापासून आभार" फार घाईत आल्यासारखं वाटतं. "तुम्ही फोन करून विचारलंत म्हणून आम्ही पुन्हा शाळेत गेलो" असं म्हण ना. ती स्तुती नाही, खरंच झालंय.

देवदत्त_के
वा म्हातारेबुवा! हे मला सुचायला हवं होतं. अख्ख्या पत्रात हे एकच वाक्य फक्त त्या बाईंचं आहे, दुसऱ्या कोणालाच लावता येणार नाही.

प्राची_ठाणे
आणि खाली क्यूआर कोड? एवढं चांगलं पत्र वाचून कोणीही देईल पुन्हा

शेंगदाणा
वरदहस्त रिटर्न्स

देवदत्त_के
क्यूआर या पत्रात नको असं माझं मत. कोड बघितला की वरचं सगळं मागणीची प्रस्तावना वाटतं. मात्र यावर आमच्याच ऑफिसात दोन तट आहेत, काहीजण म्हणतात की ज्याला द्यायचंय त्याला वाट दाखवायला काय हरकत. लेटरहेडवर पत्ता-फोन असतोच, तेवढा पुरे.

मीनल_विक्रोळी
म्हातारेकाकांचं वाक्य घातलं, क्यूआर नाही. अध्यक्षांनी दोनदा वाचलं, "पाच मुलं" वर पेन्सिलीने रेघ मारली, मग खोडरबरने पुसली. काही बोलले नाहीत. पोस्टात टाकलं.

अडचण एकच, हे एका देणगीदाराचं झालं. बाकी चाळीसेक जण आहेत ज्यांनी ५०० पासून ३००० पर्यंत दिलेत, हेतू न लिहिता. सगळ्यांसाठी शाळेत जाऊन बसायला माझ्याकडे रजा नाही.

हिशेबनीस
त्यांना एकच सामायिक पत्र. आकडे तेच, फक्त "तुमच्या देणगीतून" ऐवजी "तुमच्यासह चाळीसेक जणांच्या देणगीतून ६ चष्मे, तपासणी, आणि मोडलेल्या फ्रेम". चाळीस मोजून घे, "चाळीसेक" लिहू नकोस. खडूस बघतोय.

मीनल_विक्रोळी
४३ निघाले.

आणि बाईंचा फोन आला! पत्राबद्दल छान वाईट काही नाही. थेट विचारलं, "मोडलेली फ्रेम कोणी निवडली होती? आणि त्या पालकांशी बोलायला कोण जाणार आहे?" मी म्हटलं अजून ठरलं नाही. म्हणाल्या, मी पाळणाघर चालवायचे, आयांशी बोलायची मला सवय आहे, दुपारी मोकळी असते. आता त्यांना नेमकं कसं सामावून घ्यायचं, आयांना ते आवडेल का, काहीच माहीत नाही. सोमवारी भेटतोय.

उषाताई
आधी वर्गशिक्षिकेला विचारून मगच घरी जा. एकदम दारात अनोळखी बाई उभी राहिली की उलटंच होईल.

सुमेध_पार्ले
सगळं वाचलं, फार छान चर्चा. पण माझ्या त्या आठ-दहा चष्म्यांचं काय करू?

नंबरवाली
फ्रेम चांगल्या असतील तर तुमच्याच वाचायच्या काचा त्यात घालून घ्या. आणि बिजागरी तपासून बघा.

सुमेध_पार्ले
तीन मोडल्यात.